चाकण आले की पोटात ढवळते

केमोथेरपीच्या तिसऱ्या फेरीला निघालेली एक बाई डोळ्यांसमोर आणूया. तिला सुनंदाताई म्हणू. वय 47, राहणार संगमनेर, स्तनाच्या कर्करोगावर पुण्यात उपचार चालू. दर 21 दिवसांनी एक, अशा चार केमो ठरलेल्या आहेत आणि दोन झाल्या आहेत. गाडी पहाटे सहाला निघाली. चंदनापुरी घाट गेला, आळेफाटा गेला, नारायणगाव, मंचर मागे पडले, तोवर त्या ठीक होत्या. चाकणच्या चौकात गाडी अडकली आणि त्यांना कोरडे उमासे येऊ लागले. पिशवी पुढे धरेपर्यंत उलटी झालीसुद्धा. पोटात सकाळचा अर्धा कप चहा होता, बाकी काही नाही. केमोचा थेंबही अजून अंगात गेलेला नव्हता. त्याला दोन तास अवकाश होता.

सोबतच्या मुलीला वाटले, गाडी लागली असेल. सुनंदाताईंना वाटले, आपण भित्र्या आहोत. दोघींचेही थोडे खरे होते, पण पूर्ण खरे नव्हते. डॉक्टरांच्या भाषेत या प्रकाराला आगाऊ मळमळ म्हणता येईल. उपचाराच्या आधी, निव्वळ त्याच्या चाहुलीने येणारी मळमळ. त्यावर डॉक्टरांनी लिहून दिली ती लोराझेपाम नावाची छोटी गोळी. ही गोळी मळमळीवरच्या इतर औषधांसारखी नाही. ती काय करते, काय करत नाही आणि नेमकी केव्हा घ्यायची, हे कळले नाही तर तिचा उपयोग निम्मा होतो आणि त्रास दुप्पट.

मळमळ शिकली जाते

केमोची मळमळ तीन वेळांना येते. पहिली, औषध गेल्यापासून 24 तासांतली. काही केमो औषधांनी आतड्याच्या अस्तरातल्या पेशी दुखावतात आणि सेरोटोनिन नावाचे रसायन सोडतात. पोटाकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूला ते चेतवते आणि मेंदू पोटाला उलटीचा हुकूम देतो. ऑन्डान्सेट्रॉनसारखी औषधे हीच वाट अडवतात. दुसरी मळमळ दुसऱ्या दिवसापासून चार-पाच दिवस रेंगाळणारी. तिच्यामागे वेगळी रसायने असतात, म्हणून तिच्यासाठी डेक्सामेथासोन, अप्रेपिटंट, ओलान्झापिन अशी औषधे जोडीला द्यावी लागतात.

तिसरी मळमळ चाकणची. ती पोटात जन्मत नाही, आठवणीत जन्मते. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याची गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. अन्नाच्या आधी ठरावीक खूण मिळत राहिली की पुढे नुसत्या खुणेने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. केमोच्या रुग्णात याच न्यायाने उलट घडते. स्पिरिटच्या बोळ्याचा वास, डे-केअर वॉर्डातला फिनेलचा दर्प, नर्सच्या ट्रॉलीच्या चाकांचा आवाज, सलाईनच्या नळीतून उतरणारे डॉक्सोरुबिसिन हे लालभडक औषध. यांच्या पाठोपाठ दोन वेळा जबर उलट्या झाल्या की मेंदू जोडणी करून ठेवतो. तिसऱ्या वेळी नुसता वास पुरतो. कुणाला रुग्णालयाची कमान पुरते, कुणाला कोकम सरबताचा लाल पेला. सुनंदाताईंना चाकण पुरले, कारण पुणे जवळ आल्याची ती पहिली खूण होती.

ही जोडणी किती खोल असते, हे 1978 साली सिॲटलमधल्या एका प्रयोगाने दाखवले. इलीन बर्नस्टीन या संशोधिकेने केमो घेणाऱ्या मुलांना उपचाराच्या आधी एका वेगळ्याच चवीचे आइस्क्रीम दिले. पुढच्या वेळी त्यातल्या पुष्कळ मुलांना ते नकोसे झाले. मळमळ औषधाने होते, हे मोठ्यांना पक्के ठाऊक असते, पण म्हणून ते यातून सुटत नाहीत. ही शिकवण समजुतीच्या खालच्या मजल्यावर घडते. म्हणून ‘मन घट्ट कर’ या सल्ल्याचा इथे उपयोग होत नाही. म्हणूनच केमोच्या दिवशी आवडीचा पदार्थ मुद्दाम करून नेऊ नये. पुरणपोळी नेली तर पुरणपोळी कायमची मनातून उतरायची.

ऑन्डान्सेट्रॉन इथे कमी का पडते, तेही यावरून उमगते. चाकणच्या चौकात आतड्यांनी सेरोटोनिनचा लोट सोडलेलाच नाही. जी वाट वाहतीच नाही, ती अडवून काय मिळणार?

ज्यांना एरवी गाडी लागते, गरोदरपणी ज्यांना फार उलट्या झाल्या, ज्यांचे वय पन्नाशीच्या आत आहे आणि पहिल्या केमोनंतर ज्यांचे हाल झाले, त्यांच्यात ही जोडणी लवकर बसते. शेवटचे कारण सर्वांत मोठे. सुनंदाताईंनी पहिल्या केमोनंतर घरी न्यायला दिलेल्या गोळ्या दोनच दिवस घेतल्या. “किती म्हणून औषधे पोटात ढकलायची?” असे म्हणून उरलेली पट्टी फ्रिजवर ठेवली. मग चौथ्या दिवसापर्यंत उलट्या झाल्या. चाकणची मळमळ पेरली गेली ती त्या चार दिवसांत. जी उलटी झालीच नाही, तिची आठवण जोडली जात नाही. म्हणून आगाऊ मळमळीवरचा पहिला उपाय म्हणजे पहिल्याच केमोची मळमळ पूर्ण आवरणे. मळमळीवरची औषधे पूर्वीपेक्षा बरीच सुधारली, तसे आगाऊ मळमळीचे प्रमाणही उतरले.

पुसत नाही, लिहू देत नाही

लोराझेपाम हे बेन्झोडायझेपिन गटातले औषध. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही त्याचीच भावंडे. अमेरिकेत ते 1977 साली बाजारात आले, चिंतेवरचे औषध म्हणून. मेंदूत गाबा नावाचे एक रसायन पेशींना ‘जरा दमाने’ असे सांगत असते. लोराझेपाम त्या सांगण्याला जोर देते. त्यामुळे धडधड कमी होते, स्नायू सैलावतात, झापड येते आणि नव्या आठवणी नीट बसत नाहीत.

सिस्प्लॅटिन नावाचे केमो औषध त्याच सुमारास वापरात आले होते. त्याने होणाऱ्या उलट्या इतक्या भयंकर असत की रुग्ण उपचार अर्ध्यावर टाकत. ऑन्डान्सेट्रॉन यायला 1991 उजाडायचे होते. त्या मधल्या काळात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लोराझेपाम देऊन पाहिले. जॉन लॅझ्लो आणि सहकाऱ्यांच्या 1985 सालच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच या औषधाचे तीन गुण सांगितले आहेत : उलटी कमी करणारे, विसर पाडणारे आणि चिंता घालवणारे. विसर पडणे हा तिथे दोष म्हणून नोंदलेला नाही, गुण म्हणून नोंदला आहे. रात्रभर झालेल्या उलट्या सकाळी आठवल्याच नाहीत, तर पुढच्या वेळची धास्ती कशाच्या जोरावर उभी राहणार?

आज या तीन गुणांतला पहिला मागे पडला आहे. एकट्या लोराझेपामने केमोची उलटी थांबत नाही, ते त्या कामाला कमकुवत आहे. मळमळीवरच्या मुख्य औषधांच्या जोडीला, चिंता आणि आगाऊ मळमळ यांच्यासाठी ते देतात. ‘मला लोराझेपाम दिले आहे, आता बाकीच्या गोळ्या कशाला’ हा हिशेब म्हणूनच चुकीचा आहे.

या औषधाचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर ते लिहिलेले पुसत नाही, नवे लिहू देत नाही. गोळी घेण्याच्या आधीचे सगळे जसेच्या तसे आठवते : मुलांची नावे, घरचा पत्ता, मागच्या केमोचे हाल, सगळे. गोळीचा अंमल चढल्यावर जे घडते, त्याची नोंद पुसट होते किंवा होतच नाही. गोळी केव्हा घ्यायची, हा प्रश्न या स्वभावावरून सुटतो.

घड्याळ कुठून मोजायचे

उलटी सुरू झाल्यावर लोराझेपामची गोळी गिळण्यात फारसा अर्थ नसतो. ती पोटात टिकेल याची खात्री नाही आणि टिकली तरी रक्तात तिची पातळी शिखरावर पोहोचायला साधारण दोन तास लागतात. तोवर चाकण मागे पडलेले असते आणि नव्या उलटीची नोंद पक्की झालेली असते. ही गोळी आधी घ्यायची आहे.

अमेरिकेतल्या कर्करोग केंद्रांच्या मार्गदर्शक सूचनांत ठरलेली रीत अशी : आदल्या रात्री अर्धा ते एक मिलिग्रॅम आणि दुसऱ्या दिवशी केमोच्या एक ते दोन तास आधी पुन्हा तेवढीच. वय जास्त असेल किंवा प्रकृती तोळामासा असेल तर अर्ध्या मिलिग्रॅमच्याही खालून सुरुवात करतात. आपल्याकडे एक आणि दोन मिलिग्रॅमच्या गोळ्या सर्रास मिळतात, त्यामुळे ‘एक गोळी’ म्हणजे नेमके किती, हे पट्टीवर वाचून डॉक्टरांनी लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहावे. अर्धा मिलिग्रॅम सांगितला असताना दोन मिलिग्रॅमची पूर्ण गोळी घेतली, तर ती चौपट होते.

आदल्या रात्रीची गोळी कशाला, असा प्रश्न पडतो. केमोच्या आदली रात्र बहुतेकांना जागी जाते. न झोपलेले, धास्तावलेले शरीर सकाळी मळमळीच्या काठावरच उभे असते. शिवाय लोराझेपामचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला साधारण 12 तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या गोळीतला निम्मा अंश सकाळी दहालाही अंगात असतो. सकाळची गोळी त्याच्यावर चढते. ती एकटीने पहिल्यापासून सुरुवात करत नाही.

आता सुनंदाताईंचा हिशेब मांडू. केमो अकराला चढते. नेहमीच्या रीतीने सकाळची गोळी नऊ ते दहाच्या दरम्यान आली असती. पण त्यांना मळमळते पावणेनऊच्या सुमारास, चाकणला. तिथे घड्याळ सलाईनपासून उलटे मोजून भागत नाही, मळमळीच्या जागेपासून मोजावे लागते. डॉक्टरांनी विचारले, “पहिला उमासा कुठे येतो, नेमका?” मुलीने सांगितले. त्यावरून ठरले : रात्री दहाला अर्धा मिलिग्रॅम आणि सकाळी सातला, आळेफाट्यावर गाडी थांबेल तेव्हा, दोन घोट पाण्याबरोबर अर्धा. पावणेनऊपर्यंत गोळी शिखराजवळ येते. तिचा भर पुढे सहा-आठ तास राहतो, म्हणजे अकराची केमोही त्यात येते. हा बदल डॉक्टरांनी केला. घरच्या घरी वेळ पुढेमागे करणे किंवा ‘आज जास्त भीती वाटतेय’ म्हणून आणखी अर्धी घेणे, हे यात बसत नाही.

रक्ताची तपासणी आदल्या दिवशी संगमनेरलाच करून रिपोर्ट फोनवर पाठवायचा, असेही ठरले. पांढऱ्या पेशी कमी आल्या तर केमो पुढे ढकलतात. हे पुण्यात पोहोचल्यावर कळले तर गोळी, गुंगी आणि प्रवास तिन्ही फुकट जातात.

अल्प्राझोलाम घरात आधीपासून असेल तर ते का चालू नये? आगाऊ मळमळीवर तेही वापरले गेले आहे. पण केमोच्या जोडीला दिल्या जाणाऱ्या अप्रेपिटंटमुळे यकृतातला एक विकर मंदावतो आणि अल्प्राझोलामचा निचरा त्याच विकरावर अवलंबून असतो. त्यामुळे तीच गोळी जास्त चढू शकते. लोराझेपामचा निचरा दुसऱ्या वाटेने होतो, तिथे हा अडथळा येत नाही. म्हणून शेजाऱ्यांची किंवा स्वतःची जुनी पट्टी ‘एकाच जातीची तर आहे’ म्हणून वापरू नये.

झोप आणि झोपेच्या पलीकडे

चौथ्या केमोला सुनंदाताई चाकणला पेंगत होत्या. उमासा आला नाही. गाडीतून उतरताना मात्र पाय लटपटला आणि मुलीने दंड धरला. लोराझेपामने झोप येते ती नुसती डोळ्यांवर नाही. स्नायू सैल पडतात, तोल जातो, हालचाली संथ होतात. केमोने आधीच अशक्त झालेल्या माणसाला रात्री लघवीला उठताना याची किंमत मोजावी लागते. उशाशी दिवा, मोरीपर्यंत मोकळी वाट आणि उठताना आधी दोन मिनिटे खाटेवर बसणे एवढे पाळले तर पुष्कळ पडझड टळते. गोळी घेतलेल्याने त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुचाकी, चारचाकी काहीच चालवू नये. सकाळी उठल्यावर ‘आता अगदी ताजेतवाने वाटतेय’ असे वाटते, पण हात-डोळ्यांचा मेळ अजून पूर्ण परतलेला नसतो.

झोपेची ही बेरीज एकट्या लोराझेपामची क्वचितच असते. ओलान्झापिन हे आज जबर केमोच्या मळमळीवरचे महत्त्वाचे औषध आहे आणि तेही झोप आणते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात याच अडचणीवर काम झाले. तिथल्या डॉक्टरांनी नेहमीच्या 10 मिलिग्रॅमऐवजी 2.5 मिलिग्रॅम ओलान्झापिन देऊन पाहिले. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लहान मात्रेने उलटी तितकीच आवरली आणि दिवसाची पेंग कमी झाली. ज्यांना लोराझेपामही द्यायचे आहे, त्यांच्यासाठी हा मोठा दिलासा आहे. काही केमो औषधांआधी ॲलर्जी टाळण्यासाठी फेनिरामिनचे इंजेक्शन देतात, त्याचीही गुंगी यात मिळते. म्हणून डे-केअरच्या नर्सला पहिले वाक्य हेच सांगावे : “सकाळी सातला लोराझेपाम अर्धा मिलिग्रॅम घेतली आहे.” नाहीतर तिथे भरलेल्या फॉर्मवर तिचा पत्ताच नसतो.

खरी धोक्याची जोडी वेगळी आहे. मॉर्फीन, ट्रामाडोल यांसारखी दुखण्यावरची औषधे श्वास मंदावतात. लोराझेपाम त्यात भर घालते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2016 साली या जोडीबद्दल सर्वांत कडक इशारा वेष्टनावर छापायला लावला. दोन्ही देणे कधी गरजेचे असते, पण मग ते डॉक्टरांना माहीत असून, कमी मात्रेत आणि घरात कुणी जागे असताना. दारू तर नकोच. झोपेत घोरताना श्वास अडणारे, दम्याचे किंवा फुप्फुसाचे जुने दुखणे असणारे, काचबिंदूचा अरुंद कोनाचा प्रकार असणारे, यांनी हे आपणहून सांगितले पाहिजे. डॉक्टर दर वेळी विचारतीलच असे नाही.

घरच्यांनी ओळखायचे कसे? साधी गुंगी असेल तर हाक मारल्यावर माणूस डोळे उघडतो, ‘काय गं’ म्हणतो, पाणी मागतो आणि परत डोळे मिटतो. हलवूनही जागे होत नसेल, बोलणे फार अडखळत असेल, श्वास संथ किंवा अडून अडून येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर ‘झोपू दे बिचारीला’ म्हणत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे. सत्तरीच्या पुढच्यांत कधी उलटेही घडते : गोळीने शांत होण्याऐवजी माणूस बेचैन होतो, भलतेच बोलतो, सलाईनची नळी ओढतो. ते औषधाने होते आहे हे न ओळखता आणखी गोळी दिली तर प्रकरण चिघळते.

विसरलेला ताप

लोराझेपामचा विसर बाहेरून दिसत नाही, म्हणून तो झोपेपेक्षा फसवा. झोपलेला माणूस झोपलेला दिसतो. विसरणारा माणूस मात्र डोळे उघडे ठेवून बोलतो, मान हलवतो, प्रश्न विचारतो, कागदावर सहीही करतो.

सुनंदाताईंची चौथी केमो संपली. मुलगी खाली औषधे आणायला गेली होती. डॉक्टर फेरी मारत आले आणि त्यांच्याशी पाच मिनिटे बोलले : सातव्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यांत खाली जातात. ताप 100.4 फॅरनहाइट झाला की घरी गोळी घेऊन वाट पाहायची नाही, थेट यायचे, रात्री दोन वाजले तरी. सुनंदाताईंनी विचारले, “डॉक्टर, पण थर्मामीटर काखेत लावायचा की तोंडात?” इतका नेमका प्रश्न. डॉक्टर समाधानाने पुढे गेले.

दहाव्या दिवशी दुपारी अंग तापले. त्यांनी पॅरासिटामॉल घेतली आणि पडून राहिल्या. संध्याकाळी मुलीने कपाळाला हात लावला, 101 निघाला. “आई, डॉक्टर काही बोलले नव्हते का तापाचं?” सुनंदाताईंनी प्रामाणिकपणे सांगितले, “नाही गं, मला कुणीच काही बोललं नाही.” त्या खोटे बोलत नव्हत्या. ते संभाषण त्यांच्या डोक्यात उतरलेच नव्हते. डिस्चार्जच्या कागदामागे ठळक अक्षरांत तीच सूचना छापलेली होती, ती मुलीने वाचली आणि रात्री आठला गाडी निघाली. पांढऱ्या पेशी खालावलेल्या असताना आलेला ताप काही तासांत रक्तात पसरू शकतो. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, जंतू उतरत नाहीत. प्रतिजैविकांची पहिली बाटली वेळेत लागली, हे नशीब.

म्हणजे ज्या गुणाने चाकणची नवी नोंद झाली नाही, त्याच गुणाने तापाची सूचनाही नोंदली गेली नाही. औषध त्या दोन नोंदींत फरक करत नाही. तो फरक आपण वेळेने करायचा. डॉक्टरांशी बोलणे, संमतीपत्रावर सही, पुढच्या तारखा, बँकेचे आणि विम्याचे कागद हे सगळे गोळीच्या आधी, शक्यतो आदल्या दिवशी फोनवर उरकावे. गोळीनंतर जे सांगितले जाईल ते सोबतच्या माणसाच्या देखत आणि त्याच्या हाताने वहीत लिहिले जावे. डे-केअरमध्ये एकट्याला सोडून खाली जाण्याची वेळ आली तर नर्सला सांगून जावे : “यांना काही सांगायचं असेल तर मी आल्यावर सांगा.” दागिने, पैसे, फोन कुठे ठेवला, हेही आठवणार नाही असे धरूनच चालावे. हा विसर गोळीच्या अंमलापुरता असतो. सुनंदाताईंची बुद्धी त्याने खालावलेली नाही आणि दोन दिवसांनी ऐकलेले त्यांना नीट आठवते.

किती दिवस?

दर केमोला दोन गोळ्या, क्वचित रात्रीची आणखी एक. एवढ्याने सवय लागत नाही. अडचण सुरू होते ती डेक्सामेथासोनने उडालेल्या झोपेतून. केमोनंतरच्या रात्री झोप येत नाही, लोराझेपाम घेतली की येते, मग पाचव्या रात्रीही घ्यावीशी वाटते आणि पंधराव्याही. काही आठवडे रोज घेतली की मेंदू तिच्या भरवशावर बसतो. मग ती एकदम बंद केली तर झोप पार उडते, हात थरथरतात, क्वचित झटकेही येतात. रोज लागू लागली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवावी लागते. त्याआधीचा सोपा उपाय म्हणजे डेक्सामेथासोन सकाळी घेणे. संध्याकाळी घेतलेली मात्रा रात्र जागवते.

लोराझेपाम कमी पडू लागते, असेही होते. आगाऊ मळमळीवर तिचा उपयोग फेऱ्या वाढत जातात तसा घटतो, हे जाणकारांनी नोंदवले आहे. मग मात्रा वाढवत नेण्यापेक्षा जोडणीलाच हात घालावा लागतो. 1982 साली अमेरिकेत रॉचेस्टरला गॅरी मॉरो यांनी असा प्रयोग केला. रुग्णांना आधी स्नायू सैल सोडायला शिकवले आणि त्या शांत अवस्थेत रुग्णालयाची वाट, दार, खुर्ची, सुई अशा पायऱ्यांनी डोळ्यांसमोर आणायला लावले. ज्यांनी हे केले त्यांची आगाऊ मळमळ घटली. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, तिथे हे शिकता येते. तिसरी केमो होऊन जाण्याची वाट न पाहता गेले तर अधिक बरे. आणि मळमळ खुणेशिवाय, वेळी-अवेळी येत असेल, डोके सतत दुखत असेल, शौच बंद असून पोट फुगले असेल, तर ती आगाऊ मळमळ नव्हे. तिला गोळीने गप्प करू नये, तिचे कारण शोधावे.

सुनंदाताईंच्या चारही केमो संपल्या. तीन महिन्यांनी तपासणीला जाताना चाकण आले आणि पोटात पुन्हा हलकेच ढवळले. मुलीने पर्स उघडली. पट्टीत दोन गोळ्या उरल्या होत्या. सुनंदाताई म्हणाल्या, “राहू दे. आज सुई नाही, सलाईन नाही.” त्यांनी खिडकी उघडली आणि बाहेर पाहत राहिल्या. ट्रक, उसाच्या रसाचे गुऱ्हाळ, पुलाचे काम. उमासा आला नाही. ‘चाकण आले आणि काही झाले नाही’ हीसुद्धा एक नवी नोंद आहे, आणि ती लिहायची तर मेंदू जागा हवा. गोळी त्या दिवशी घेतली असती, तर हीदेखील पुसटच राहिली असती.